कान टोचल्यावर आलेली गाठ आणि सिझरचा फुगलेला वण

"डॉक्टर, आम्ही खानापूरकडचे. माझी मुलगी २२ वर्षांची आहे. बुगडीसाठी गेल्या वर्षी तिने उजव्या कानाची वरची कड टोचून घेतली. चार-पाच महिने काही नव्हतं. मग मागच्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ आली, आता ती बोराएवढी झालीय आणि सारखी खाजते. माझ्या सिझरचा वणही असाच फुगला होता, पण तो दोन वर्षांत आपोआप बसला. मग हिची गाठपण बसेल का? एक डॉक्टर म्हणाले, कापून टाकू, पाच मिनिटांचं काम आहे. लहानपणी दोन्ही पाळ्या टोचल्या तेव्हा काहीच झालं नव्हतं, मग आत्ताच का? पुढच्या वर्षी लग्न आहे."

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून ही गाठ केलॉइड, म्हणजे जखमेबाहेर वाढत जाणारा वण, वाटते, आणि केलॉइड वाट बघून बसत नाही. तुमचा सिझरचा वण वेगळ्या जातीचा होता. म्हणून तुमच्या अनुभवावरून मुलीला थांबवू नका. पण घाईने नुसती कापूनही घेऊ नका. पुढचा सगळा खुलासा या दोन गोष्टींचा आहे.

आधी तुमचा वण बघू. टाके निघाल्यावर पहिला महिना रेघ सपाट असते. दुसऱ्या महिन्यापासून ती लाल होते, दोरीसारखी वर येते, खाजते, साडीची निरी नाहीतर परकराची नाडी घासली की चुरचुरते. पाच-सहा महिने ती फुगत जाते, मग तिथेच अडते, आणि वर्ष-दोन वर्षांत रंग फिका पडत, मऊ होत खाली बसते. याला आम्ही हायपरट्रॉफिक स्कार म्हणतो, साध्या भाषेत फुगलेला वण. त्याची खूण अशी, की कितीही उंच झाला तरी तो टाक्यांच्या रेघेची हद्द ओलांडत नाही. तुमच्या पोटावर आज हात फिरवलात तर तो पट्टा जिथे सुरी फिरली होती तेवढाच लांब असेल. रुंदी थोडी वाढलेली असेल, पण बाजूच्या चांगल्या कातडीत तो घुसलेला नसेल.

मुलीचं कॅलेंडर उलटं चाललंय. टोचल्यानंतर चार-पाच महिने शांतता, मग गाठ, मग वाढ, आणि वर्ष होत आलं तरी वाढ चालूच. फुगलेला वण साधारणपणे महिना-दोन महिन्यांत डोकं वर काढतो. केलॉइड तीन महिन्यांनी येऊ शकतो, वर्षाने येऊ शकतो, कधी त्याहूनही उशिरा. आणि एकदा आला की हळूहळू वाढत राहतो. मध्येच काही महिने गप्प बसतो, त्यामुळे घरच्यांना वाटतं थांबला, पण मागे सरत नाही.

इथे एक अडचण आहे. पुस्तकात सरळ नियम दिलेला असतो: जखमेच्या हद्दीत राहिला तर फुगलेला वण, हद्द ओलांडली तर केलॉइड. पोटावरच्या लांब रेघेला हा नियम चपखल बसतो. कान टोचल्याची जखम मात्र मिलिमीटरभराची, त्यामुळे तिथे मुगाएवढी पुटकुळी आली तरी ती हद्दीबाहेरच म्हणायची. म्हणून टोचलेल्या कानाच्या बाबतीत पहिल्या दोन-तीन महिन्यांत मी केलॉइड हा शब्द उच्चारत नाही. त्या काळात दिसणाऱ्या बहुतेक गाठी दुसऱ्याच असतात.

त्या दुसऱ्या गाठी ओळखायच्या कशा, हे सांगतो, म्हणजे तुम्हाला घरीच अंदाज येईल. भोकाच्या तोंडाशी ओलसर, लालभडक, मांसासारखा कोंब असेल आणि टॉवेल लागला तरी रक्त येत असेल, तर तो ग्रॅन्युलोमा. दागिन्याच्या घर्षणाने येतो, टोचल्यावर काही आठवड्यांतच येतो, आणि कारण दूर केलं, साधे उपचार केले की जातो. भोकाभोवती खाज, पाणी सुटणं, खवले असतील तर बहुतेक दागिन्यातल्या निकेलची ॲलर्जी. खोट्या दागिन्यांत निकेल सर्रास असतं. कातडीखाली गोल, हलणारी गाठ असेल, वर बारीक काळा ठिपका दिसत असेल आणि कधी दाबल्यावर घाण वासाचा पांढरा लगदा येत असेल तर ती सिस्ट. आणि कानाची वरची कड लाल, गरम, ठणकणारी झाली असेल, पण खालची मऊ पाळी अगदी नेहमीसारखी असेल, तर तो कूर्चेचा, म्हणजे कानाला आकार देणाऱ्या मऊ हाडाचा, जंतुसंसर्ग. तिथे वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. उशीर झाला तर कूर्चा गळते आणि कान कायमचा वेडावाकडा होतो.

केलॉइडचा स्पर्श या सगळ्यांहून वेगळा. मुलीला उजेडात बसवा, कान पुढे दुमडा, आणि अंगठा व तर्जनीत गाठ धरून बघा. घट्ट रबरासारखी लागेल, दाबली तरी आत जाणार नाही. वरची कातडी ताणलेली, गुळगुळीत, चकचकीत दिसेल, तिच्यावर लव नसेल. रंग गुलाबी, नाहीतर आपल्या सावळ्या कातडीवर जांभळट-तपकिरी. रक्त नाही, पू नाही. पुष्कळदा पुढच्या बाजूलाही भोकाजवळ एक छोटी टेकडी असते आणि मधून दोन्ही जोडलेल्या असतात, म्हणजे मागे दिसते ती गाठ अर्धीच. खाज कुठे जास्त येते ते मुलीला विचारा. ती बहुतेक वेळा कडेला बोट ठेवते, मधोमध नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता हे का होतं, ते बघू. कातडी कापली गेली की पहिले काही दिवस तिथे सूज असते. रक्तातल्या पेशी येतात, साफसफाई करतात. मग फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी येऊन कोलॅजेनचे धागे विणायला लागतात. हे पहिलं विणकाम कच्चं आणि गरजेपेक्षा जास्त असतं. तिसऱ्या आठवड्यापासून जास्तीचे धागे तोडणं आणि उरलेले नीट लावणं सुरू होतं, ते वर्षभर चालतं. विणणं आणि तोडणं यांचा मेळ बसला की वण सपाट होतो. तुमच्या पोटावर काही महिने विणणं पुढे गेलं आणि तोडणं मागे राहिलं. जखमेवर ताण होता, कदाचित थोडा पूही झाला असेल. पण मूळ सूज ओसरल्यावर तोडणाऱ्या बाजूने हिशोब पुरा केला आणि वण बसला.

केलॉइडमध्ये सूज ओसरतच नाही. वरून जखम भरलेली दिसते, पण कातडीच्या खोल थरात धुमसत राहते. तिथल्या फायब्रोब्लास्टना विणायचा हुकूम मिळतच राहतो. हा हुकूम देणाऱ्यांत टीजीएफ-बीटा नावाचं द्रव्य महत्त्वाचं आहे. काम झाल्यावर या पेशींनी मरून जायचं असतं, त्याही लवकर मरत नाहीत. शिवाय गाठीच्या कडेला ही सूज शेजारच्या, कधीच न कापलेल्या कातडीत शिरते आणि तिथल्या पेशींनाही कामाला लावते. म्हणून वण जखमेबाहेर जातो. गजकर्ण कसं कडेने लाल आणि खाजरं असतं आणि मध्ये निवत जातं, तसाच जुना केलॉइड छातीवर दिसतो: मधला भाग सपाट, फिका, आणि कड उंच, लाल, खाजणारी. जिवंतपणा कडेला असतो. मुलीची खाज कडेला का, त्याचं उत्तर हेच.

हा कॅन्सर नव्हे, हे स्पष्ट सांगतो, कारण ‘वाढत चाललंय’ म्हटलं की आपल्याकडे घरात जेवण उतरत नाही. केलॉइड कातडीतच राहतो, रक्तातून दुसरीकडे जात नाही, जीवाला धोका करत नाही.

ताणाचा यात मोठा वाटा आहे. छातीचा मधला भाग, खांदा, दंडाची बाहेरची बाजू, पाठीचा वरचा भाग इथली कातडी दिवसभर हालचालीने खेचली जाते, आणि केलॉइडची आवडती ठिकाणं हीच. छातीवरचा केलॉइड बहुतेक आडवा, दोन्ही हातांच्या दिशेने पसरतो, कारण खेच त्या दिशेने असते. पापणीवर, जिथे कातडी सैल असते, तो जवळपास दिसतच नाही. पण ताणानेच सगळं होत असतं तर कानाला व्हायला नको होता. कानाची पाळी कोण खेचतंय? कानावर कारणं वेगळी: भोक भरायच्या आत दागिना फिरवणं, जड दागिना, रात्री त्याच कुशीवर झोपणं, केसांचं तेल आणि घाम, दोन-तीनदा झालेला बारीक पू. म्हणजे सूज पुन्हा पुन्हा पेटवणाऱ्या गोष्टी. ज्याच्या अंगात मुळात तो कल आहे त्याला तेवढं पुरतं.

मग लहानपणी का नाही झालं? आपल्याकडे बारशाच्या आसपास सोनार मऊ पाळी टोचतो, सोन्याची बारीक तार घालतो, काही आठवड्यांत जखम बरी. त्या वयात केलॉइड क्वचित. केलॉइडचं वय साधारण १० ते ३०, म्हणजे वयात येण्यापासून पुढे. वयाच्या ११ वर्षांनंतर टोचलेल्या कानांना तो जास्त होतो, असं पाहणीतही आढळलंय. त्यामुळे ‘पहिल्यांदा टोचलं तेव्हा काही झालं नाही’ ही हमी नव्हे. तुमच्या मुलीच्या बाबतीत तीन गोष्टी एकदम बदलल्या. वय बदललं. जागा बदलली, कारण बुगडीची जागा म्हणजे कूर्चा, तिथे रक्तपुरवठा कमी आणि भोक भरायला महिने लागतात, पाळीसारखे आठवडे नाहीत. आणि हत्यारही बदललं असण्याची शक्यता आहे. बाजारात दुकानांत पिस्तुलासारख्या यंत्राने टोचतात, ते मऊ पाळीला एक वेळ चालतं, पण कूर्चेला चिरडतं. वरची कड टोचायचीच असेल तर नवी, निर्जंतुक, पोकळ सुई हवी. आपल्या आज्यांच्या बुगड्याही कूर्चेतच होत्या आणि सगळ्यांना गाठी आल्या नाहीत, हे खरं आहे. ज्यांना आल्या त्यांचे फोटो मात्र भिंतीवर लागले नसतील.

कल घराण्यातून येतो. सावळ्या कातडीत जास्त दिसतो. वयात येताना आणि गरोदरपणात गाठ जोर धरते, मासिक पाळी गेल्यावर पुष्कळदा शांत होते. मुलीत हा कल किती आहे, याचा एक पुरावा तिच्याच अंगावर आहे. डाव्या दंडावर बीसीजीच्या लशीचा वण बघा. आपल्या सगळ्यांना जन्मल्यावर ती टोचतात. तो खळग्यासारखा, सपाट, वाटाण्याएवढा असेल तर ठीक. तो उंच, चकचकीत, कडेने पसरलेला असेल तर कल पक्का समजा. छातीवर, पाठीवर मुरमांच्या जागी टणक टेकड्या आहेत का, तेही बघा. तुमचा स्वतःचा सिझरचा वण मात्र या चौकशीत पुरावा म्हणून धरू नका. फुगलेला वण कुणालाही होतो.

आता कापण्याचं. पाच मिनिटांचं काम हे खोटं नाही, कान बधिर करून गाठ काढायला फार वेळ लागत नाही. अडचण नंतरची आहे. कापणं म्हणजे त्याच कातडीत नवी आणि आधीपेक्षा मोठी जखम. ज्या कातडीने मिलिमीटरभर भोकाला बोराएवढं उत्तर दिलं, ती दीड सेंटीमीटरच्या रेघेला काय उत्तर देईल? नुसतं कापून सोडलं तर केलॉइड परत येण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत ४५ पासून १०० टक्क्यांपर्यंत सांगितलंय, आणि परत येणारी गाठ पुष्कळदा मूळ गाठीहून मोठी असते. माझ्याकडे निपाणी-चिकोडीकडून येणाऱ्या रुग्णांत एक ठराविक गोष्ट ऐकू येते: आधी हरभरा होता, कापला, वर्षाने आवळा झाला, पुन्हा कापला. तिसऱ्या वेळी ते माझ्या दारात. त्यामुळे कापणाऱ्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा, ‘कापल्यानंतर काय करणार?’ त्यावर ठोस उत्तर आलं नाही तर कापू देऊ नका.

बोराएवढ्या गाठीला मी सुरुवात इंजेक्शनने करीन. औषधाचं नाव ट्रायमसिनोलोन, हे स्टेरॉइड आहे. बाटलीत एका मिलीला ४० मिलिग्रॅम असतं. गाठ कडक असेल तर तसंच, नाहीतर पातळ करून १० किंवा २० वर आणून देतात. एका वेळी पाव ते अर्धा मिली पुरतं. नाव ऐकून घाबरू नका, हे गाठीतच राहावं म्हणून एवढं थोडं देतात. बारीक सुईने ते गाठीच्या गाभ्यात जायला हवं. गाठीखालच्या चरबीत गेलं तर गाठ तशीच राहते आणि खाली खड्डा पडतो. बरोबर जागी गेलं की गाठ डोळ्यांदेखत पांढरी पडते. पहिल्या वेळी औषध आत जाता जात नाही, सिरिंजवर सगळा जोर लावावा लागतो, आणि दुखतं, हे आधीच सांगतो. भुलीचं औषध मिसळलं, आधी बर्फ लावला तर बरं पडतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी गाठ मऊ झालेली असते आणि सुई सहज जाते. ती सहजता हीच औषध लागू पडल्याची पहिली खूण. खाज तर पहिल्या इंजेक्शननंतरच बरीच कमी होते.

दर चार आठवड्यांनी एक, अशी साधारण चार ते सहा इंजेक्शनं लागतात. खानापूरहून महिन्याला बेळगावची एक फेरी धरा. इथे लोक हमखास चुकतात. दोन इंजेक्शनांत खाज गेली, गाठ अर्धी झाली की येणं बंद करतात, आणि सहा महिन्यांनी गाठ घेऊन परत येतात. खाज जाणं म्हणजे बरं होणं नव्हे. गाठ बोटाला सपाट लागेपर्यंत यायचं, आणि सपाट लागली की थांबायचं, कारण त्यापुढे औषध देत राहिलं तर कातडी पातळ होते, खड्डा पडतो, बारीक लाल शिरा दिसायला लागतात. इंजेक्शनच्या जागी पांढरा डाग येऊ शकतो, तो बहुधा काही महिन्यांत भरतो. एखाद-दुसरी मासिक पाळी मागे-पुढे होऊ शकते, ते मुलीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर घरात उगाच काळजी. मधुमेह असेल किंवा गरोदरपणाची शक्यता असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं.

तीन इंजेक्शनांनीही गाठ हलली नाही तर त्यात फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल नावाचं दुसरं औषध मिसळतात. ते मुळात कॅन्सरचं औषध, पण इथे पेशींची वाढ रोखायला थोडंसं गाठीतच देतात. गरोदर बाईला ते अजिबात द्यायचं नाही. लग्न पुढच्या वर्षी आहे, म्हणून मुद्दाम सांगतो: हे औषध द्यायची वेळ आली तर ते लग्नाच्या बरंच आधी संपवायचं.

गाठीचा देठ अरुंद असेल, किंवा ती इतकी मोठी असेल की इंजेक्शनने अर्धीच राहील, तर कापणं योग्यच आहे. मी स्वतः अशा गाठी काढायला पाठवतो. फरक एवढाच, की कापणं हा उपचारांचा एक भाग असतो. कापताना रेघेत इंजेक्शन, टाके निघाल्यावर पुन्हा दर महिन्याला इंजेक्शन, आणि जखम भरली की दाब. दाबासाठी कानाला चाप लावायचा असतो, रोज १२ तासांहून जास्त, सहा महिने ते वर्षभर. खालच्या पाळीसाठी असे चाप तयार मिळतात. वरच्या कडेच्या आकाराला ते बसत नाहीत, तिथे दातांची कवळी बनवणाऱ्या तंत्रज्ञाकडून कानाचा ठसा घेऊन ॲक्रिलिकचा चाप करून घ्यावा लागतो. चाप लावल्यावर कातडी फिकट पडली पाहिजे, पण दुखता कामा नये. दुखला तर तो कातडी मारतोय, सैल करून घ्या.

कापल्यावर किरणोपचार हा आणखी एक मार्ग आहे. कापल्यापासून एक-दोन दिवसांत सुरू करून थोड्या मात्रेत दोन-चार वेळा देतात, आणि नुसत्या कापण्यापेक्षा गाठ परत येण्याचं प्रमाण त्याने खूप खाली येतं. पण किरण ते किरणच. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना नाही, आणि २२ वर्षांच्या मुलीला पहिल्याच गाठीसाठी मी ते सुचवणार नाही. दोनदा परत आलेल्या गाठीसाठी सुचवीन.

घरगुती उपायांबद्दल लोक विचारतात म्हणून लिहितो. चुना लावून गाठ जाळू नका, घोड्याचा केस किंवा दोरा बांधून ती गाळायचा प्रयत्न करू नका. चामखीळ एखाद्या वेळी गळतेही, केलॉइड मात्र प्रत्येक इजेला वाढून उत्तर देतो. कांद्याच्या अर्काची मलमं महाग आहेत आणि तयार केलॉइडवर त्यांचा भरवसा नाही. दागिना आजच काढा, पुन्हा घालू नका, भोक बुजू द्या. लग्नात बुगडी हवीच असेल तर दाबाची करून घ्या आणि मुहूर्तापुरती डाव्या कानाला लावा. नाक टोचलेलं नसेल तर नथही दाबाचीच. दुसऱ्या कानाची वरची कड ‘जोडी पुरी व्हावी’ म्हणून टोचायचा आग्रह कुणीतरी करेल, तो मोडून काढा.

गाठ सपाट झाल्यावर दोन वर्षं लक्ष ठेवायचं. महिन्यातून एकदा मुलीने त्या जागेवर बोट फिरवायचं आणि शेजारी पट्टी धरून मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा, म्हणजे ‘वाढलंय का’ यावर घरात वाद होणार नाही. परत येताना केलॉइड आधी खाजतो, मग कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा गुलाबी कण टणक लागतो. त्या वेळी एक-दोन इंजेक्शनांत काम होतं.

शेवटी एक, जे तुम्ही विचारलं नाही पण तुमच्या मनात असणार. पुढे मुलीला सिझर लागलं तर? गरजेचं ऑपरेशन केलॉइडच्या भीतीने टाळायचं नाही. डॉक्टरांना पहिल्या तपासणीतच सांगायचं की कानाला केलॉइड झाला होता. सिझर ठरलं तर खाली आडवा छेद घ्यायला सांगायचं, उभ्या छेदापेक्षा त्यावर ताण कमी पडतो. जखम कोरडी झाली, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनंतर, वणावर सिलिकॉनची पट्टी लावायची, दिवसातले १२ तास तरी, किमान तीन महिने. पट्टी रोज धुऊन पुन्हा वापरता येते. खाली घामोळं आलं तर एक-दोन दिवस सुट्टी द्यायची. दुसऱ्या महिन्यात रेघ लाल होऊन वर आली तर तो तुमच्यासारखा फुगलेला वण असू शकतो, पण तिच्या बाबतीत दोन वर्षं थांबून बघायचं नाही. रेघेच्या टोकाला, टाक्यांच्या पलीकडच्या कातडीत टणकपणा लागला की त्याच आठवड्यात दाखवायला आणा.